उशीवरचा नारिंगी डाग

डिचोलीत पांढऱ्या कपड्यावर तांबूस डाग दिसला की पहिला संशय पाण्यावर जातो. गाव खाणपट्ट्यातला, कुणाच्या विहिरीत लोह, कुणाच्या टाकीच्या तळाशी लाल गाळ. माझ्या वहिनींनीही उशीच्या अभ्र्यावरचे डाग बरेच दिवस पाण्याच्याच खात्यावर मांडले होते. नळाला फडकं बांधून झालं, टाकी धुवून झाली. मग एक दिवस त्यांच्याच लक्षात आलं की डाग फक्त त्यांच्या उशीवर पडतात, दादाच्या नाही. आणि दोन्ही अभ्रे तर एकाच बादलीत भिजतात.

मी औषधांच्या दुकानात बसते, त्यामुळे असली कोडी शेवटी माझ्याकडे येतात. वहिनींच्या न्हाणीघरात, गिझरशेजारच्या फळीवर व्हिटॅमिन सी सीरमची ३० मिलीची बाटली होती. गडद काचेमुळे बाहेरून काहीच कळत नव्हतं. ड्रॉपरने दोन थेंब पांढऱ्या बशीत टाकले, तर रंग दूध न घातलेल्या चहाचा.

काउंटरवरही हा प्रश्न आता नेमाने येतो. पेडण्याहून, साखळीहून, मये-नार्व्याहून मुली बाटली घेऊन येतात आणि विचारतात, "बाय, हें इबाडलें काय?" इबाडणं म्हणजे बिघडणं. उत्तर हो-नाहीत देता येतं, पण ते का बिघडलं हे कळलं नाही तर पुढची बाटलीही त्याच वाटेने जाते.

बहुतेक सीरममध्ये असतं ते ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीचं मूळ रूप. त्याचा गुण आणि त्याचा दोष एकच आहे: ते ऑक्सिजनला चटकन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. त्वचेत हेच काम हवं असतं. बाटलीत मात्र ते हवेशीच व्यवहार करून बसतं. पहिल्या पायरीला त्याचं डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होतं. त्याला म्हणण्यासारखा रंग नसतो, आणि या पायरीवरून मागे फिरणंही शक्य असतं. पण पाण्यात ते फार काळ टिकत नाही. त्याची कडी उघडते, आणि एकदा उघडली की परतीची वाट बंद. त्यानंतर जे तुकडे होत जातात त्यांनी रंग चढतो: आधी गवती पिवळा, मग नारिंगी, शेवटी तपकिरी.

या तुकड्यांपैकी एक एरिथ्रुलोज नावाची साखर. ऊन न घेता कातडी सावळी दिसावी म्हणून परदेशात जी लोशनं विकतात, त्यांतल्या काहींत हीच साखर मुद्दाम घालतात. ती कातडीच्या वरच्या थरातल्या प्रथिनांशी जुळते आणि तपकिरी छटा सोडते. जुनं सीरम लावणाऱ्यांची बोटं आणि नखांच्या कडा पिवळ्या पडतात त्या यामुळे. चेहऱ्यावर उरलेलं सीरम रात्रभर घामाबरोबर अभ्र्यावर उतरतं आणि तिथेही हवेने रंगत राहतं. वहिनींच्या डागाचा उगम हा.

म्हणजे रंग हा बऱ्याच उशिरा येणारा साक्षीदार आहे. शिवाय तो अर्धवट खरं बोलतो. थोडंसंच व्हिटॅमिन मोडलं तरी बाटली पिवळसर दिसू शकते, आणि फेरुलिक ॲसिड घातलेलं सीरम तर पहिल्या दिवसापासून फिकट पिवळं असतं. म्हणून फिकट पिवळ्याला घाबरू नये. नारिंगी झालं तर बराच माल गेला असं धरावं आणि तपकिरी दिसलं तर फेकावं. तपकिरी सीरम लावल्याने मोठा अपाय होतो असं मी म्हणणार नाही. चुरचुरतं, डाग पडतात, आणि ज्यासाठी पैसे मोजले ते मिळत नाही. पाहायचं कसं, तर बाटली उजेडात धरून नव्हे. गडद काच रंग लपवते. नवी बाटली उघडली त्या दिवशी एक थेंब पांढऱ्या बशीत टाकून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि महिन्याने त्याच बशीत, त्याच उजेडात दुसरा थेंब टाकून ताडून पाहावा.

आता हवेचा हिशेब. तो मी एकदा कागदावर मांडला, तेव्हापासून माझं गिऱ्हाइकांशी बोलणंच बदललं. १५ टक्क्यांच्या सीरममध्ये दर मिलीला १५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन असतं. ३० मिलीची बाटली अर्धी झाली की आत १५ मिली सीरम, म्हणजे २,२५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन, आणि वर १५ मिली हवा. हवेत एकपंचमांशाहून थोडा जास्त ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ३ मिली. एवढा ऑक्सिजन पूर्ण वापरला गेला तर तो साधारण २२ मिलिग्रॅम व्हिटॅमिन खातो. एक टक्का. ऐकायला काहीच नाही.

पण ड्रॉपर रोज उघडतो. दर वेळी जुनी हवा थोडी बाहेर, ताजी हवा आत. आणि बाटली जसजशी रिकामी होते तसतसा हवेचा वाटा वाढतो आणि सीरमचा घटतो. तळाशी ५ मिली उरलं असताना वर २५ मिली हवा असते. तिच्यातला ऑक्सिजन ३७ मिलिग्रॅम व्हिटॅमिन मोडू शकतो, आणि खाली शिल्लक असतात अवघे ७५० मिलिग्रॅम. म्हणजे हवेच्या एका भरणीला जवळजवळ पाच टक्के. प्रत्यक्षात रोज सगळी हवा बदलत नाही, आणि आत आलेला सगळा ऑक्सिजन एका दिवसात वापरलाही जात नाही, त्यामुळे हे आकडे वरच्या टोकाचे आहेत. तरी "दोन महिने छान होतं, शेवटच्या पंधरा दिवसांत अचानक काळवंडलं" ही तक्रार कुठून येते ते यातून दिसतं. बिघाड पहिल्या दिवसापासूनच सुरू असतो, तळाशी तो वेग घेतो.

म्हणून माझा पहिला सल्ला बाटलीच्या आकाराचा. चेहऱ्याला चार-पाच थेंब पुरतात, म्हणजे दिवसाला सुमारे पाव मिली. या हिशेबाने ३० मिली चार महिने चालतं, १५ मिली दोन महिने. उघडल्यापासून तीन महिन्यांच्या आत संपवा, असं बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात, आणि तेही बाटली थंड जागी ठेवली असं धरून. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ३३-३४ अंशांवर सहज जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. मोठी बाटली दर मिलीला स्वस्त पडते खरी, पण तिचा शेवटचा तिसरा हिस्सा आपण रंगीत पाणी म्हणून लावत असतो.

बाटलीचा प्रकार पाहताना लोक काचेच्या रंगाकडे बघतात. तपकिरी काच चांगलीच. ती अतिनील आणि निळा उजेड बराचसा अडवते. निळी काच दिसायला देखणी, पण निळा उजेड आत जाऊ देते, म्हणून या कामाला कमी पडते. पारदर्शक बाटली पुठ्ठ्याच्या खोक्यात राहिली तर चालते. हरमलच्या किनाऱ्यावर खिडकीत ठेवली तर नाही. पण उजेडाहून मोठा प्रश्न झाकणाचा आहे. ड्रॉपर हा या औषधासाठी सर्वांत वाईट प्रकार, आणि दुकानात सर्वांत जास्त तोच दिसतो. रबरी बोंडी दाबून ड्रॉपर सीरममध्ये बुडवला की आधी हवेचे बुडबुडे सुटतात, म्हणजे आपणच सीरममधून हवा फुंकतो. शिवाय बोंडीचं रबर कालांतराने खराब होतं आणि झाकण नीट बसेनासं होतं.

हवाबंद पंप चांगला, पण पंप दिसला म्हणजे तो हवाबंदच असेल असं नाही. साध्या पंपात वरून तळापर्यंत एक नळी जाते. जेवढं सीरम बाहेर येतं तेवढी हवा आत शिरते. खऱ्या हवाबंद बाटलीत नळी नसते. तळाला एक चकती असते आणि सीरम संपत जाईल तशी ती वर सरकते. बाटली उलटी करून पाहा: बुडाला बारीक भोक दिसलं, आणि काही आठवड्यांनी चकती वर चढलेली दिसली, तर पंप खरा. चकती सरकणारी बाटली प्लास्टिकची असते आणि प्लास्टिकमधून थोडा ऑक्सिजन झिरपतोच, पण ड्रॉपरच्या तुलनेत तो किरकोळ. एकेका वेळेच्या बंद काचेच्या कुप्या आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या याहून सरस. फक्त बाजारात कमी आणि महाग.

लेबलावर आणखी एक गोष्ट शोधावी, ती म्हणजे सोबतीचे घटक. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत शिरायचं तर सीरमचा पीएच ३.५ च्या खाली हवा, आणि २० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून फायदा वाढत नाही. २००५ मध्ये त्याच गटाने १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्या मिश्रणात अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड घातलं, तर मिश्रण जास्त टिकलं आणि उन्हापासून मिळणारं रक्षणही वाढलं. आज बाजारात दिसणारी बरीच सीरमं याच सूत्राच्या आसपास फिरतात. आंबटपणा हा इथे दोष नसून कवच आहे. पीएच वर गेला की ॲसिडचं रूप बदलतं आणि ते हवेशी जास्त वेगाने जुळतं. चुरचुरतं म्हणून कुणी त्यात चिमूटभर खायचा सोडा घालतं. त्याने चुरचुर जाते आणि व्हिटॅमिनही जातं.

आणि आता डिचोलीचं पाणी परत येतं. ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि ऑक्सिजन यांचं लग्न लावून देणारे दोन मध्यस्थ आहेत, तांबं आणि लोह. त्यांचा नुसता लवलेश पुरतो. म्हणून चांगल्या सीरममध्ये या धातूंना बांधून ठेवणारा एखादा घटक घातलेला असतो. पण घरी व्हिटॅमिन सीची पावडर आणून सीरम करणाऱ्या मुली मला भेटतात, आणि त्यातल्या दोघी-तिघींनी "शुद्ध पाणी" म्हणून रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं पाणी वापरलं होतं. प्यायला ते काहीही असो, व्हिटॅमिन सीसाठी याहून वाईट पाणी शोधूनही सापडायचं नाही. विहिरीच्या लोहाळ पाण्याचंही तेच. करायचंच असेल तर डिस्टिल्ड पाणी, स्टीलचा नव्हे तर काचेचा चमचा, आणि एका वेळी आठवड्यापुरतं, सुमारे दोन मिली. एक लक्षात ठेवा, अशा मिश्रणाचा पीएच फार खाली असतो आणि नाजूक त्वचेला तो सोसत नाही. मी स्वतः कुणाला याची शिफारस करत नाही.

फ्रिजबद्दल दुकानात वाद होतात. हिशेब सोपा आहे. अशा रासायनिक क्रिया दर १० अंशांना ढोबळमानाने दुपटीने वेग घेतात. खोलीत ३२ अंश आणि फ्रिजमध्ये ७ म्हटले तर फरक २५ अंशांचा, म्हणजे बिघाडाचा वेग पाच-सहा पटींनी कमी. हा फायदा बाकी कुठल्याही उपायातून मिळत नाही. मात्र दारातल्या कप्प्यात ठेवू नये; दार दर तासाला उघडतं आणि तो कप्पा सर्वांत गरम. आतल्या फळीवर, मागे ठेवावं. फ्रीझरमध्ये मुळीच नको.

आपल्याकडे थंड बाटली बाहेर काढण्याचीही एक खोच आहे. पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला मिनिटाभरात घाम सुटतो. त्या ओल्या तोंडावरून ड्रॉपर आत-बाहेर केला की ते पाणीही आत जातं. म्हणून बाटली फ्रिजपाशीच उघडावी, थेंब तळहातावर घ्यावेत, तोंड पुसून झाकण घट्ट लावावं आणि लगेच परत ठेवावी. आरशासमोर नेऊन ठेवली, मग फोन आला, मग चहा झाला, असं होऊ नये. दोन-तीन तास वीज गेली तर काळजी नको, फक्त दार उघडू नका. थंडीने काही सीरममध्ये सुईसारखे बारीक खडे दिसतात. ते बहुधा फेरुलिक ॲसिडचे असतात. बाटली थोडा वेळ बाहेर ठेवली की ते विरघळतात. गरम पाण्यात बुडवू नका.

उष्णता बाटली तुमच्या हातात पडायच्या आधीच आपलं काम करून बसलेली असू शकते. बंद बाटलीतही थोडी हवा असते, आणि फार तापलं तर ऑक्सिजनशिवायही व्हिटॅमिन सी मोडतं. पेडण्यातल्या एखाद्या वाड्यावर कुरियरवाला मे महिन्याच्या दुपारी पोचतो, तेव्हा ते पार्सल सकाळपासून गाडीच्या डिकीत भाजत असतं. मागवायचंच असेल तर पावसाळ्यात किंवा डिसेंबर-जानेवारीत मागवा. खोक्यावरची उत्पादनाची तारीख पाहा. सहा महिन्यांहून जुना माल मी घेत नाही, मुदत दोन वर्षं छापलेली असली तरी. सील फोडल्याबरोबर थेंब नारिंगी निघाला तर फोटो काढा आणि बाटली परत करा.

रंगावर विश्वास नसेल तर मोजायचा एक घरगुती मार्ग आहे. जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीनचं ५ टक्क्यांचं द्रावण आणा, आणि सुई नसलेल्या दोन सिरिंज, एक १ मिलीची, एक ५ मिलीची. काचेच्या अर्ध्या पेल्यात पाणी घ्या, त्यात चमचाभर पेजेची निवळ घाला. पेज आपल्या घरात असतेच. तिच्यातल्या पिष्टाला आयोडीन लागलं की गर्द निळा रंग येतो. आता ०.१ मिली सीरम त्या पाण्यात सोडा आणि ढवळत ढवळत आयोडीन थोडं थोडं घाला. जोवर व्हिटॅमिन सी शिल्लक आहे तोवर ते आयोडीनला गिळून टाकतं आणि निळा रंग आला तरी मावळतो. ज्या क्षणी निळा रंग अर्धा मिनिट टिकेल तिथे थांबा आणि किती मिली आयोडीन लागलं ते लिहून ठेवा.

ताज्या १५ टक्क्यांच्या सीरमला सुमारे ४.३ मिली लागायला हवं, १० टक्क्यांच्या सीरमला २.९. व्हिटॅमिन मोडून झालेले तुकडे आयोडीनला असं गिळत नाहीत, म्हणून सीरम जितकं मेलेलं तितका आकडा खाली. यात दहा टक्के इकडे-तिकडे होणारच. आयोडीनची बाटलीही जुनी असू शकते. म्हणून नवी बाटली उघडली त्या दिवशीचा तुमचा स्वतःचा आकडा हाच खरा मापदंड. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा एथिल ॲस्कॉर्बिक ॲसिड अशी बदललेली रूपं असलेल्या सीरमला ही चाचणी लावू नका. ती आयोडीनला दाद देत नाहीत आणि ताजी असूनही शून्य दाखवतील. ही रूपं हवेला पुष्कळ जास्त टिकतात. त्यांच्या परिणामाचा पुरावा मूळ ॲसिडइतका भक्कम नाही, पण घरात फ्रिजची सोय नसेल तर मी तीच सुचवते. तपासलेलं पाणी मोरीत ओता, तोंडाला लावू नका.

वहिनींची बाटली आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर तपासली. लेबलावर १५ टक्के लिहिलेलं. पेल्यात १.१ मिली आयोडीन गेलं आणि पाणी निळं झालं ते निळंच राहिलं. ४.३ मधले १.१, म्हणजे पावभर माल शिल्लक. दादा तेवढ्यात म्हणाला, "म्हणजे टाकी उगाच धुतली?" वहिनींनी उत्तर दिलं नाही. आता त्यांची १५ मिलीची पंपाची बाटली फ्रिजमध्ये कोकमच्या आगळाच्या बाटलीमागे असते, बुडाला उघडल्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी. डागाचा अभ्रा काही पांढरा झाला नाही. तो आता गॅस पुसायला आहे.